दारावरचा आकडा, काट्यावरचा आकडा

निर्यातीच्या कागदपत्रांत एकाच कंटेनरचे दोन ‘ग्रॉस वेट’ असतात, आणि नव्या डिस्पॅच क्लार्कची पहिली चूक बहुतेक वेळा तिथेच होते. शिपिंग बिलावर आणि पॅकिंग लिस्टवर जे ग्रॉस वेट असते ते मालाचे असते. त्यात माल आला, त्याची खोकी आली, पॅलेट आले, पण ज्या लोखंडी कंटेनरमधून तो जाणार तो त्यात नसतो. जहाज कंपनीला हवे असते ते वजन वेगळे. दार लावून सील ठोकल्यावर ती सगळी वस्तू क्रेनने उचलली तर क्रेनला किती भार जाणवेल, तेवढे. याला बंदरावर ‘व्हीजीएम’ म्हणतात, म्हणजे व्हेरिफाइड ग्रॉस मास. भरलेल्या कंटेनरचे, प्रत्यक्ष तोलून पडताळलेले एकूण वजन.

हे वजन कळवल्याशिवाय भरलेला निर्यात कंटेनर जहाजावर चढवायचा नाही, असा नियम १ जुलै २०१६ पासून जगभर लागू आहे. समुद्रावरच्या जीविताच्या सुरक्षिततेचा ‘सोलास’ नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे. त्याच्या सहाव्या प्रकरणात आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने नोव्हेंबर २०१४ मध्ये दुरुस्ती केली, तिच्यातून हा नियम आला. जबाबदारी टाकली आहे ती शिपरवर. शिपर म्हणजे ज्याचे नाव बिल ऑफ लेडिंगवर माल पाठवणारा म्हणून छापले जाते तो. कंटेनर भरण्याचे काम त्याने कोणालाही दिलेले असो, सीएचएने कागद केलेले असोत, वाहतूकदाराने काट्यावर नेलेले असो, वजनाबद्दल उत्तर द्यायचे ते शिपरने.

नियम येण्यापूर्वी वजन कळवले जात नव्हते असे नाही. कळवले जात होते, पण ते अंदाजाने लिहिले तरी चालत होते. अंदाज किती चुकत होते हे दोन जहाजांनी दाखवले. १८ जानेवारी २००७ रोजी इंग्लिश खाडीतल्या वादळात ‘एमएससी नापोली’ या कंटेनर जहाजाचा सांगाडा इंजिनघराजवळ फुटला. खलाशांनी जहाज सोडले, आणि पुढे ते डेव्हनच्या किनाऱ्यावर ब्रॅन्सकोम्बपाशी मुद्दाम वाळूवर चढवावे लागले. त्यामुळे एरवी कधी मिळत नाही अशी संधी ब्रिटिश तपास अधिकाऱ्यांना मिळाली. डेकवरचे जे सुमारे ६६० कंटेनर कोरडे राहिले होते, ते उतरवून तोलता आले. त्यांपैकी १३७ कंटेनरांचे वजन कागदावरच्या वजनापेक्षा तीन टनांहून अधिक वेगळे निघाले. सर्वांत मोठा फरक २० टनांचा होता. या १३७ कंटेनरांची बेरीज कागदापेक्षा ३१२ टनांनी जास्त भरली. चुकीची वजने हेच सांगाडा फुटण्याचे कारण, असे मात्र तपासात म्हटलेले नाही. दोष जहाजाच्या बांधणीत होता. वजनांच्या चुकीने मूळचा कमी असलेला सुरक्षेचा पल्ला आणखी कमी केला, एवढेच अहवाल म्हणतो, आणि माझ्या मते तो संयम योग्य आहे.

दुसरे जहाज ‘डेनेब’. जून २०११ मध्ये स्पेनच्या अल्हेसिरास बंदरात कंटेनर चढवत असतानाच ते धक्क्याशी कलंडले. यादीतल्या १६८ कंटेनरांपैकी १६ कंटेनर कागदापेक्षा फार जड होते, काही दुप्पट, तर काही सहापटीहूनही जास्त. या सोळांचे कागदावरचे वजन मिळून ९३ टन होते, प्रत्यक्षात ते त्याहून सुमारे २७८ टन अधिक भरले. लहान फीडर जहाजावर एवढा भार वरच्या थरांत गेला तर काय होते ते समजायला नौकाशास्त्र लागत नाही.

जहाजावर कुठला कंटेनर कुठे ठेवायचा हे कोणी डोळ्यांनी पाहून ठरवत नाही. जहाज बंदरात येण्यापूर्वीच कोणीतरी संगणकावर नकाशा करतो. जड खाली, हलके वर, डाव्या-उजव्या बाजूंचा तोल, एका रांगेत एकावर एक किती टन चालतील, बांधायच्या सळ्यांवर किती ताण येईल, हे सगळे तो व्हीजीएमच्या आकड्यांवरून मांडतो. पंचवीस टनांचा कंटेनर कागदावर पंधरा टनांचा असेल तर तो सहाव्या थरावर जाऊन बसतो, आणि त्याच्या खालच्या कंटेनरच्या चार कोपऱ्यांच्या खांबांना लाटांत त्याचा भार सोसावा लागतो.

आता हे वजन काढायचे कसे? नियम दोनच वाटा देतो. पहिली वाट सोपी आहे. कंटेनर भरून, बंद करून, सबंध काट्यावर तोलायचा. दुसरी वाट म्हणजे आत जाणारी प्रत्येक वस्तू आधी तोलायची, मालाच्या पेट्या, पॅलेट, आत ठोकायचे लाकडी ठोकळे, बांधायच्या पट्ट्या, हवेच्या पिशव्या, सगळे, आणि त्या बेरजेत कंटेनरचे स्वतःचे रिकामे वजन मिळवायचे. कागदावर याच वाटांना पद्धत एक आणि पद्धत दोन म्हणतात. तिसरी वाट नाही. नगाचे अंदाजे वजन गुणिले नग, ही वाट नियमाने बंद केली आहे. मूळ कारखान्यातून सीलबंद आलेल्या पुड्यांवर किंवा डब्यांवर अचूक वजन कायमचे छापलेले असेल तर तेवढ्या पुड्या पुन्हा तोलाव्या लागत नाहीत, ही एकच सवलत. भंगार, सुटे धान्य असा मोकळा माल दुसऱ्या पद्धतीला अयोग्य, असे मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिले आहे. तिथे सबंध कंटेनरच तोलावा लागतो.

आपल्याकडे बहुतेक निर्यातदार काट्याची पावती जोडून पहिल्या पद्धतीने जातात. दुसऱ्या पद्धतीसाठी देशाच्या सक्षम यंत्रणेने, आपल्याकडे नौवहन महासंचालनालयाने, मान्य केलेली कार्यपद्धती लागते. तरी मी इथे दुसरीच तपशीलाने सांगणार आहे, कारण वजन कुठून येते हे तिच्यातच दिसते. जो शिपर पहिल्या पद्धतीने जातो त्यानेही दुसरी मनातल्या मनात करून पाहावी. काट्याने चूक केली तर ती पकडायचे ते एकमेव साधन आहे.

उदाहरणासाठी कोल्हापूरची एखादी फौंड्री धरू. शिरोली किंवा गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीतून ओतकाम परदेशी जाते, ते वीस फुटी कंटेनरमध्ये भरून न्हावा शेवाला. लोखंडी कास्टिंग्ज जागेने कमी आणि वजनाने भारी, त्यामुळे कंटेनर अर्धा रिकामा दिसतो आणि तरी मर्यादेला टेकतो. खालचे आकडे उदाहरणाचे आहेत. चुका होण्याच्या जागा मात्र अशाच असतात.

एका ऑर्डरचे १,९२० नग आहेत. एका लाकडी पेटीत ९६, अशा वीस पेट्या. खाली दहा आणि त्यांच्यावर दहा. ड्रॉइंगवर नगाचे वजन ११.४० किलो लिहिले आहे. ऑफिसमधला क्लार्क गुणाकार करतो तेव्हा माल २१,८८८ किलो येतो. पेटीचे वजन मागच्या वर्षीच्या फाइलमध्ये ४५ किलो आहे, म्हणून वीस पेट्यांचे ९००. वीस फुटी कंटेनरचे रिकामे वजन ‘साधारण बावीसशे’ असते, म्हणून २,२००. बेरीज २४,९८८ किलो. हिशेब स्वच्छ दिसतो, सगळे आकडे कुठूनतरी आधाराने आलेले आहेत, आणि यातले एकही वजन त्या दिवशी कोणी तोललेले नाही.

आता तोच माल शेडमध्ये जाऊन पाहू. ड्रॉइंगवरचे वजन म्हणजे आकाराच्या घनफळावरून काढलेले कागदी वजन. प्रत्यक्ष वाळूच्या साच्यात वितळलेले लोखंड ओतले की त्याच्या दाबाने साच्याची भिंत थोडी मागे सरते आणि नग किंचित फुगतो. पॅटर्न झिजला असेल तर त्याचीही भर पडते. नगामागे दोन टक्के जास्त भरणे ओतकामात सहज घडते, आणि मापांच्या सवलतीत बसत असल्यामुळे तपासणीत तो नग नापासही होत नाही. आपल्या नगाचे प्रत्यक्ष सरासरी वजन ११.६२ किलो भरते. १,९२० नगांवर हा फरक ४२२ किलोंचा होतो.

मग पेटी. निर्यातीच्या लाकडी पेटीचे लाकूड कीड मरावी म्हणून तापवलेले असते. लाकडाच्या गाभ्यात ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग तीस मिनिटे टिकावे लागते, आणि त्याचा शिक्का पेटीवर मारलेला असतो. पण ही प्रक्रिया कीड मारते, लाकूड कायमचे कोरडे करत नाही. तापवून आलेल्या पेट्या पावसाळ्यात शेडच्या कडेला पडून राहिल्या तर लाकूड पुन्हा पाणी पिते. पूर्ण कोरडे असताना ५४ किलो भरणारे लाकूड वीस टक्के ओलीला ६५ किलो होते, पस्तीस टक्क्यांना ७३. पेटीमागे आठ किलो, वीस पेट्यांमागे एकशेसाठ. म्हणून पेटीचे वजन फाइलमधून घेण्यात काही अर्थ नाही, भरण्याच्या दिवशीचे वजनच खरे. त्यात फाइलमधली ४५ किलोंची पेटी ही मुळात जुन्या, पातळ फळ्यांच्या पेटीची होती. नगावर तेलाचा थर, गंज रोखणारी व्हीसीआय पिशवी, पेटीभोवतीच्या पोलादी पट्ट्या, यांचे वजन कोणी धरलेच नव्हते.

शेडमध्ये फोर्कलिफ्टने भरलेली, झाकण ठोकलेली, पट्ट्या मारलेली पेटी दोन टनांच्या प्लॅटफॉर्म काट्यावर ठेवली जाते. एक ११७२ किलो भरते, दुसरी ११८९, तिसरी ११८०. कुठल्याही दोन पेट्या सारख्या नाहीत, आणि तसेच असायला हवे. वीसच्या वीस पेट्यांचे वजन किलोपर्यंत एकसारखे लिहिलेला तक्ता आला तर समजावे की पेट्या तोललेल्या नाहीत, एक तोलून बाकीच्यांना तोच आकडा चिकटवला आहे. प्रत्येक पेटीवर खडूने किंवा मार्करने तिचे वजन लिहितात आणि तेच पेटी क्रमांकासमोर तक्त्यात जाते. वीस पेट्यांची बेरीज २३,६१२ किलो. यातून नगांचे २२,३१० वजा केले तर वेष्टनाचे १,३०२ उरतात. फाइलमध्ये ते ९०० होते. म्हणजे इथे आणखी ४०२ किलो.

पेट्या आत लावल्यावर मध्ये आणि दारापाशी जागा उरते. जहाज डोलताना तेवीस टन लोखंड त्या मोकळ्या जागेत सरकले तर ते कंटेनरची पन्हाळी पत्र्याची भिंत बाहेर ढकलू शकते. म्हणून मधल्या फटीत आणि दारापाशी जाड लाकडी ठोकळे, आडवे वासे ठोकतात, पट्ट्यांनी बांधतात. हे सामान फार किरकोळ समजले जाते. आपल्या कंटेनरसाठी कापून ठेवलेले ठोकळे आणि पट्ट्या आत नेण्याआधी एकत्र तोलल्या, त्या १४८ किलो भरल्या. दुसऱ्या पद्धतीत हे तोलायचे राहिले तर मागाहून मोजायला वाव नाही, कारण तोवर ते सगळे आत ठोकलेले असते. म्हणून शहाणा सुपरवायझर ठोकळ्यांचा ढीग पहिली पेटी आत जाण्यापूर्वी काट्यावर ठेवतो, आणि काम झाल्यावर उरलेले तुकडे तोलून वजा करतो.

शेवटी कंटेनरचे स्वतःचे वजन. हे अंदाजाने घ्यायची गरजच नसते, कारण ते दारावर लिहिलेले असते. कंटेनरच्या मागच्या दारांसमोर उभे राहिले की उजव्या दारावर वरच्या बाजूला कंटेनर क्रमांक दिसतो. चार अक्षरे, सहा आकडे आणि चौकटीत एक आकडा. चौकटीतला आकडा आधीच्या अक्षरांवरून आणि आकड्यांवरून गणिताने येतो. क्रमांक टाइप करताना एखादा आकडा चुकला तर बहुतेक वेळा त्याच्याशी मेळ बसत नाही आणि चूक उघडी पडते. त्याच्या खाली ठळक अक्षरांत दोन-तीन वजने असतात, किलोत आणि पौंडांत. सर्वांत वरचे म्हणजे भरून जास्तीतजास्त किती चालेल ते, बहुतेक नव्या कंटेनरांवर ३०,४८०. त्याच्या खाली टेअर, म्हणजे रिकाम्या कंटेनरचे वजन. मग पोटात किती माल चालेल ते. वीस फुटी कंटेनर साधारण बावीसशे ते चोवीसशे किलोंचा असतो, चाळीस फुटी उंच कंटेनर अडतीसशेच्या आसपास, आणि थंडगार मालाचा रीफर यंत्रासकट त्याहूनही बराच जड. एकाच लांबीच्या दोन कंटेनरांतही शंभर-दीडशे किलोंचा फरक असू शकतो. बनावट वेगळी, वर्ष वेगळे, तळाच्या प्लायवुडची जात वेगळी.

भरणीच्या दिवशी ऑफिसमधून फोन येतो, “अण्णा, टेअर बावीसशे धरू का?” शेडमधला सुपरवायझर दाराशी जातो. पत्रा रंगवलेला, अर्धे अक्षर खरवडलेले, म्हणून तो बॅटरी तिरकी धरतो, म्हणजे उठावाची सावली पडून आकडे वाचता येतात. “न्हाई, दारावर २,२३० हाय. नंबरबी लिवून घ्या, सांगतो.” आणि तो क्रमांक अक्षर-अक्षर सांगतो. सोबत दाराचा फोटो ऑफिसच्या ग्रुपवर टाकतो. हा फोटो ठेवण्याची सवय मला फार महत्त्वाची वाटते. वजनावरून वाद झाला की पहिला प्रश्न टेअर कुठून घेतले हाच येतो.

बेरीज आता अशी होते. पेट्या २३,६१२, ठोकळे आणि पट्ट्या १४८, कंटेनर २,२३०. एकूण २५,९९० किलो. ऑफिसच्या कागदावर २४,९८८ होते. फरक १,००२ किलो, म्हणजे एक टन. यात कोणी खोटे लिहिलेले नाही, लबाडी केलेली नाही. ४२२ किलो ओतकामातून आले, ४०२ वेष्टनातून, १४८ ठोकळ्यांतून आणि ३० टेअरमधून. प्रत्येक फरक एकटा पाहिला तर सोडून देण्यासारखा वाटतो. तो एका दिशेला जमत जातो, हीच खरी अडचण. माणूस विसरतो ते नेहमी वजन असते, हवा कधी विसरत नाही. म्हणून अंदाजाची चूक जवळजवळ नेहमी कमी वजनाकडे झुकते, आणि जहाजावरच्या शेकडो कंटेनरांच्या अशा चुका एकमेकींना खोडत नाहीत, साठत जातात.

आता काट्याने पडताळणी. भरलेला ट्रेलर वजनकाट्यावर ३९,८६० दाखवतो. हाच ट्रेलर, हॉर्ससकट, कंटेनर न घेता आधी १३,८४० भरला होता. वजाबाकी २६,०२०. पेट्यांच्या बेरजेपेक्षा तीस किलो जास्त. वजनकाट्याचा आकडा दहा किंवा वीस किलोंच्या पायरीने बदलतो, चालकाचे पाणी-सामान आहे, चाकांना चिखल आहे, त्यामुळे तीस किलो म्हणजे दोन्ही पद्धती जुळल्या असेच म्हणायचे. तीनशे निघाले असते तर थांबायला हवे होते.

काट्यावरच्या चुका वेगळ्या जातीच्या असतात आणि त्या अंदाजाच्या चुकांपेक्षा मोठ्या निघतात, कारण छापील पावतीमुळे कोणी शंका घेत नाही. पहिली चूक डिझेलची. ट्रेलर रिकामा तोलला आणि मग वाटेत दोनशे लिटर डिझेल भरले तर पुढच्या वजनात सुमारे एकशेसत्तर किलो डिझेल कंटेनरच्या नावावर जाते. दोन्ही वजने एकाच टाकीने, शक्य तितक्या जवळच्या वेळी घ्यायची, किंवा डिझेलचा फरक वजा करायचा.

दुसरी चूक वजाबाकी कोणत्या गोष्टीची झाली हे न पाहण्याची. पुष्कळ कारखान्यांत ट्रेलर रिकाम्या कंटेनरसकट आत येतो. आत येताना एकदा तोलतात, भरून बाहेर पडताना पुन्हा. पावतीवर ‘नेट’ म्हणून जो आकडा छापला जातो तो फक्त मालाचा असतो, कारण कंटेनर दोन्ही वेळा चाकांवर होता. आपल्या उदाहरणात तो २३,७९० च्या आसपास येईल. हाच व्हीजीएम म्हणून कळवला की सव्वादोन टन गायब. उलट प्रकारही होतो. पावतीत कंटेनर आधीच धरलेला असताना क्लार्क सवयीने टेअर पुन्हा मिळवतो, आणि सव्वादोन टन हवेतून येतात. दोन्ही चुका ओळखण्याची एक सोपी खूण आहे. व्हीजीएममधून कंटेनरचे टेअर वजा करा आणि राहिलेला आकडा शिपिंग बिलाच्या ग्रॉस वेटशेजारी ठेवा. तो ग्रॉस वेटपेक्षा ठोकळे-पट्ट्यांइतका, म्हणजे शे-दोनशे किलोंनी जास्त असायला हवा. दोन टनांनी कमी असेल तर टेअर विसरले आहे, दोन टनांनी जास्त असेल तर टेअर दोनदा आले आहे. व्हीजीएम आणि शिपिंग बिलाचे ग्रॉस वेट हे दोन आकडे अगदी सारखे असतील तर कोणीतरी एक आकडा दुसऱ्या रकान्यात उतरवला आहे, यात शंका नको.

तिसरी चूक दोन वीस फुटी कंटेनर एकाच ट्रेलरवर असताना होते. दोन्ही मिळून तोलायचे आणि निम्मे निम्मे लिहायचे, ही सोय मार्गदर्शक सूचनांनी नाव घेऊन नाकारली आहे. एक २६ टनांचा आणि दुसरा १२ टनांचा असेल तर दोन्ही १९ टनांचे ठरतात, आणि जड कंटेनर हलक्यांच्या जागेवर जाऊन बसतो. बेरीज बरोबर असूनही दोन्ही आकडे खोटे. प्रत्येक कंटेनर वेगळा तोलायचा, नाहीतर दुसऱ्या पद्धतीने ज्याचा त्याचा हिशेब करायचा.

आणि काटा स्वतः खरा आहे का? वजनकाट्याची पडताळणी वैधमापन शास्त्र यंत्रणेकडून दरवर्षी व्हावी लागते, तिचा शिक्का आणि प्रमाणपत्र काट्यावर असते. पण प्रमाणपत्राने रोजचा काटा शून्यावर येत नाही. पावसात प्लॅटफॉर्मखाली गाळ साठतो, दगड अडकतो, एखादा लोडसेल बिघडतो. ट्रेलर काट्यावर चढण्याआधी फलकावर शून्य आहे का, तो सबंध प्लॅटफॉर्मवर बसला आहे का, चाक कडेला टेकलेले नाही ना, हे पाहायला अर्धे मिनिट लागते. एकाच गाडीला पुढे-मागे थोडी सरकवून दोनदा तोलले आणि आकडे वेगळे आले तर कुठलातरी लोडसेल गडबडला आहे. जिथे रोज एकच ठरावीक फोर्कलिफ्ट तोलून नोंद ठेवतात तिथे ही गडबड आठवड्याच्या आत कळते.

व्हीजीएमच्या मर्यादाही सांगायला हव्यात, कारण त्याला नसलेले गुण चिकटवले जातात. तो एकूण भार सांगतो, भार कुठे आहे ते सांगत नाही. आपल्या फौंड्रीने सगळ्या जड पेट्या आतल्या टोकाला आणि हलक्या दाराकडे लावल्या असत्या तरी व्हीजीएम २५,९९० च आला असता. अर्ध्या लांबीत साठ टक्क्यांहून जास्त भार जाऊ नये हा भरणीचा नियम वेगळा पाळावा लागतो. क्रेनने उचलताना कंटेनर एका बाजूला झुकतो तेव्हा चूक वजनाची नसते, लावण्याची असते. तसेच दारावरची ३०,४८० किलोंची मर्यादा ही कंटेनरच्या सांगाड्याची आहे. रस्त्यावर त्या ट्रेलरच्या एक्सलना किती भार चालतो ही मर्यादा निराळी, आणि आपल्याकडे जड माल बहुतेक वेळा आधी तिलाच अडतो. २५,९९० हा आकडा कंटेनरला चालतो म्हणून तो घाटातून नेणाऱ्या ट्रेलरलाही चालेलच, असे नाही.

दुसऱ्या पद्धतीला आणखी एक मर्यादा आहे. दारावरचे टेअर कारखान्यातून निघताना नोंदलेले असते. वर्षानुवर्षांच्या दुरुस्त्यांत पत्र्यावर पत्रे जोडले जातात, तळाचे प्लायवुड ओल धरते. खरे रिकामे वजन दारावरच्या आकड्यापेक्षा थोडे सरकलेले असू शकते. नियम तरीही दारावरचाच आकडा ग्राह्य धरतो, आणि ते व्यवहार्य आहे. हा फरक काही किलोंचा असतो, वर पाहिलेल्या चुकांच्या मानाने किरकोळ. सबंध कंटेनर तोलणाऱ्या पहिल्या पद्धतीत हा प्रश्नच येत नाही.

किती फरक चालेल हे सोलासमध्ये लिहिलेले नाही. तोललेले वजन ते तोललेले वजन. कारवाई कितव्या टक्क्याला सुरू करायची हे प्रत्येक देशाने आपापल्या पातळीवर ठरवायचे. टक्क्यांच्या या मर्यादा अधिकाऱ्यांसाठी आहेत. ‘एवढे चालते’ म्हणून त्या मर्यादेच्या आत मुद्दाम अंदाज लिहिणे म्हणजे नियम उलटा वाचणे.

मग हे वजन कळवायचे. आपल्याकडे प्रचलित असलेल्या नमुन्यात शिपरचे नाव आणि आयईसी क्रमांक, अधिकृत व्यक्तीचे नाव, हुद्दा आणि चोवीस तास लागेल असा फोन, कंटेनर क्रमांक, आकार, दारावरची कमाल मर्यादा, काट्याचा नोंदणी क्रमांक आणि पत्ता, वजन आणि ते कोणत्या पद्धतीने काढले ते, तोलल्याची तारीख-वेळ, पावती क्रमांक, माल साधा की रीफर की धोकादायक, एवढे असते. सही लागते. ऑनलाइन पाठवताना जबाबदार माणसाचे नाव ठळक मोठ्या लिपीत लिहिलेले सहीऐवजी चालते. तिथे कंपनीचे नाव चालत नाही, माणूसच लागतो. हे सगळे जहाज कंपनीने दिलेल्या कटऑफच्या आत पोहोचावे लागते, म्हणजे नकाशा मांडणाऱ्याच्या हाती तो आकडा वेळेत जातो. उशीर झाला तर कंटेनर गेटमध्ये येऊनही यार्डात थांबतो, पुढच्या जहाजावर जातो, आणि यार्डाचे भाडे शिपरच्या अंगावर पडते.

कंटेनर बंदरात आल्यावर टर्मिनलने तो स्वतः तोलला आणि आकडा वेगळा आला, तर टर्मिनलचे वजन धरायचे, असे मार्गदर्शक सूचना सांगतात. शिपरच्या पावतीशी वाद घालण्याची ती जागा नाही. नकाशा टर्मिनलच्या आकड्यावर बदलला जातो, आणि फरकाचा शोध शिपरने आपल्या शेडमध्ये घ्यायचा. कोल्हापूरच्या त्या सुपरवायझरकडे वीस पेट्यांचा तक्ता, ठोकळ्यांचे वजन, दाराचा फोटो आणि काट्याच्या दोन्ही पावत्या असतील, तर फरक कुठल्या ओळीत शिरला ते त्याला बोट ठेवून दाखवता येते. नुसती एक बेरीज असेल तर पेट्या पुन्हा उघडूनही ते कळत नाही.